उणे सात अंश म्हणजे नक्की कोणासाठी?

जानेवारीतल्या एका पहाटे हरिश्चंद्रगडावर टेंटच्या दोरीला टांगलेल्या थर्मामीटरवर ७ अंश दिसत होते. मी ज्या स्लीपिंग बॅगमध्ये पडलो होतो, तिच्या कव्हरवर मोठ्या अक्षरांत ‘उणे ७ डिग्री’ असं छापलं होतं. हिशेबाने माझ्या हाताशी १४ अंश शिल्लक होते. तरी रात्री एकपासून मी जागा होतो. पावलं गार पडली होती, कंबर खालून गारठत होती, आणि अंगावर जाकीट चढवूनही हुडहुडी थांबत नव्हती. शेजारचा मित्र त्याच्या जुनाट दिसणाऱ्या बॅगेत शांत झोपला होता. त्याच्या बॅगेवर ‘० डिग्री’ असं लिहिलं होतं.

घरी आल्यावर मी माझ्या बॅगेची आतली शिवण उलटून बघितली. तिथे नखाएवढ्या कापडी लेबलवर तीन आकडे होते : कम्फर्ट १०, लिमिट ६, एक्स्ट्रीम उणे ७. कंपनीने कव्हरवर छापण्यासाठी यातला तिसरा उचलला होता. मित्राच्या बॅगेवरचा ० हा मधला, म्हणजे लिमिटचा आकडा होता. दोन्ही आकडे त्यांच्या जागी खरे होते, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं होते. यंदा माझ्या भाचीने पुण्याहून फोन करून विचारलं, “मामा, टेंट आणि बॅग कुठली घेऊ?” तेव्हा मी तिला ब्रँडचं नाव सांगण्याआधी हे तीन आकडे समजावून सांगितले. तेच इथे सविस्तर लिहितो आहे, कारण सह्याद्रीत हिवाळी मुक्कामाला जाणारे बहुतेक जण माझ्यासारखेच एका आकड्यावर विश्वास ठेवून खरेदी करतात.

हे आकडे एका प्रमाणित चाचणीतून येतात. युरोपात २००२ साली ईएन १३५३७ नावाचं मानक आलं. आता त्याची जागा आयएसओ २३५३७ ने घेतली आहे. चाचणीत माणसाच्या आकाराचा, आतून तापवलेला पुतळा वापरतात. त्याला लांब बाह्यांचे आतले कपडे आणि पायमोजे घालतात, खाली मॅट टाकतात, आणि बॅगेत घालून थंड खोलीत ठेवतात. पुतळ्याच्या अंगभर सेन्सर असतात. अंग ठरावीक तापमानावर ठेवायला किती ऊर्जा लागते ते मोजलं की बॅग किती उष्णता धरून ठेवते ते कळतं, आणि त्यावरून गणिताने तापमानं काढली जातात.

कम्फर्ट म्हणजे ज्या तापमानाला एक सर्वसाधारण स्त्री हातपाय सैल सोडून, थंडी न वाजता रात्रभर झोपू शकते ते. लिमिट म्हणजे ज्या तापमानाला एक सर्वसाधारण पुरुष अंग मुडपून, पाय पोटाशी घेऊन, जेमतेम आठ तास काढू शकतो ते. मूळ युरोपीय मानकात ही ‘सर्वसाधारण’ माणसं २५ वर्षांची धरली आहेत : स्त्री १६० सेंटिमीटर उंच आणि ६० किलो वजनाची, पुरुष १७३ सेंटिमीटर आणि ७३ किलोचा. एक्स्ट्रीम हा आकडा मात्र झोपेचा नाहीच. त्या तापमानाला ती स्त्री सहा तास मृत्यू टाळू शकेल, एवढंच तो सांगतो. हातापायांची बोटं हिमदंशाने जाऊ शकतात, शरीराचं तापमान धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकतं, आणि तरीही तो आकडा चुकीचा ठरत नाही. अशा आकड्याच्या भरवशावर बॅग विकत घेणं म्हणजे अपघातात जीव वाचण्याची हमी बघून रोजची गाडी निवडण्यासारखं आहे.

म्हणून आपल्या उपयोगाचा आकडा एकच : कम्फर्ट. पुरुष असलात तरी तोच बघा. अंग मुडपून जेमतेम काढलेली रात्र दुसऱ्या दिवशीच्या चढाला उपयोगी पडत नाही. आणि चाचणीतला माणूस पंचविशीचा, निरोगी, पोटभर जेवलेला, कोरड्या कपड्यांतला आहे. तुम्ही पन्नाशीचे असाल, दिवसभर चालून थकला असाल, घामाने ओल्या झालेल्या बनियनवरच झोपला असाल, तर त्यात तीन ते पाच अंशांची भर घाला. माझी भाची ५२ किलोची आहे आणि पुण्यातल्या डिसेंबरमध्येही दोन गोधड्या घेते. तिच्यासाठी मी पाच अंश धरले.

आता प्रश्न येतो तो रात्री नक्की किती थंडी असेल याचा. तिचा बेत जानेवारीत हरिश्चंद्रगडाचा होता. मोबाईलवर गडाचं तापमान शोधलं तर बहुतेक वेळा जवळच्या गावाचं किंवा आसपासच्या मोठ्या भागाचं सरासरी तापमान दिसतं. त्यापेक्षा ढोबळ हिशेब बरा. हवेचं तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पुण्याची उंची साधारण ५६० मीटर, हरिश्चंद्रगडाचं शिखर १४२४ मीटर, आणि मुक्कामाचं पठार त्याच्या थोडं खाली. म्हणजे ७०० ते ८०० मीटरचा फरक आणि जवळपास पाच अंशांची घट. पुण्यात किमान ११ अंश असतील तर गडावर ६ च्या आसपास धरायचं.

या हिशेबाला एक मोठा अपवाद आहे आणि तो आपल्याकडे फार वेळा भेटतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि तिच्यालगतची गार, जड हवा उतारावरून घरंगळत दरीत आणि तळ्याकाठी जाऊन साचते. अशा रात्री पवनेच्या काठावर लावलेला टेंट वरच्या डोंगरधारेपेक्षा गार असू शकतो, शिवाय तिथे दवही जास्त पडतं. उलट कोकणकड्यासारख्या उघड्या जागी तापमान थोडं जास्त असलं तरी वारा असतो, आणि वारा टेंटच्या फटींतून शिरून बॅगेभोवतीची ऊब पळवून नेतो. म्हणून मी हिशेबातून आलेल्या आकड्यातून आणखी दोन-तीन अंश वजा करतो. भाचीच्या बाबतीत ६ चे ३ झाले. तिच्यासाठीचे पाच अंश वजा केले तर कम्फर्ट उणे २ ची बॅग लागेल असं कागदावर आलं.

इथे मी थांबलो. उणे २ कम्फर्टची बॅग जड असते, सॅकमध्ये अर्धी जागा खाते आणि सह्याद्रीत वर्षातल्या आठ-दहा रात्री सोडल्या तर तिच्यात घुसमटायला होतं. उरलेली गरज भागवण्याचे दोन स्वस्त मार्ग आहेत. पहिला म्हणजे झोपताना बदलायचा कोरडा जोड : लोकरीचे मोजे, कानटोपी, पूर्ण बाह्यांचं थर्मल. दुसरा म्हणजे खालची मॅट, आणि तिच्याकडे आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

स्लीपिंग बॅग ऊब निर्माण करत नाही. तिच्या भरणात अडकलेली हवा शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही, एवढंच तिचं काम. अंगाखाली ते भरण आपल्या वजनाने चेपून पापडासारखं होतं, त्यात हवा उरत नाही, आणि खालच्या बाजूने बॅग जवळजवळ निकामी होते. तिथे संरक्षण फक्त मॅटचं. हरिश्चंद्रगडावर माझी कंबर खालून गारठली ती यामुळेच. माझ्याखाली योगासनाची पातळ चटई होती आणि तिच्याखाली रात्रभर थंड होत गेलेला कातळ. मित्राकडे बंद पेशींच्या फोमची जाड मॅट होती. मॅटची उष्णता रोखण्याची ताकद ‘आर-व्हॅल्यू’ या आकड्याने सांगतात. सह्याद्रीच्या हिवाळ्याला २ ते ३ पुरेशी आहे, बर्फावर झोपायचं असेल तर ५ च्या पुढची लागते. शिवाय बॅगेची चाचणीच मुळी मॅटवर ठेवून होते. मॅट नसेल तर लेबलवरचा एकही आकडा तुमच्यासाठी नाही.

भरण दोन प्रकारचं. डाउन, म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवरची मऊ पिसं, आणि पॉलिएस्टरचे कृत्रिम तंतू. वजनाच्या मानाने डाउन जास्त उबदार आणि मुठीएवढी घडी होणारी. हिमालयातल्या कोरड्या थंडीत तिला तोड नाही. पण डाउन भिजली की तिचे गोळे होतात, फुगारा जातो आणि ऊबही जाते. आपल्याकडे पहाटेचं दव, टेंटच्या आतून ठिबकणारा ओलावा आणि घरी परतल्यावर मुंबई-कोकणची दमट हवा, हे सगळं डाउनच्या विरोधात आहे. कृत्रिम भरणाची बॅग थोडी जड होते, पण ओलसर झाली तरी बरीच ऊब टिकवते, घरी धुता येते आणि लवकर वाळते. सह्याद्रीपुरतं बोलायचं तर मी ठामपणे कृत्रिम भरणाच्या बाजूने आहे. केदारकंठासारख्या डिसेंबरच्या बर्फातल्या ट्रेकला जायचं असेल तर बहुतेक आयोजक संस्था बॅग देतात. त्यांना पैसे भरण्याआधी बॅगेचा कम्फर्ट आकडा विचारून घ्या. ‘आमच्या बॅगा उणे दहाच्या आहेत’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका, कारण ते उणे दहा कुठल्या रकान्यातले हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

भाचीने शेवटी ३, उणे २ आणि उणे १८ असे तीन आकडे स्पष्ट छापलेली, कृत्रिम भरणाची बॅग निवडली. पाहिजे होती उणे २ कम्फर्टची, मिळाली ३ ची. मधले पाच अंश थर्मल, कानटोपी आणि जाड फोमच्या मॅटवर सोपवले. बॅगेची चेन खालपर्यंत पूर्ण उघडते, त्यामुळे मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला जाताना तीच पांघरूण म्हणूनही चालेल.

टेंटच्या बाबतीत पहिला प्रश्न पाण्याचा. टेंटच्या वर्णनात १५००, २००० किंवा ३००० मिमी असं काहीतरी लिहिलेलं असतं. पुष्कळ जण हे पावसाचे मिलिमीटर समजतात आणि म्हणतात, ‘ताम्हिणीत दिवसाला ३०० मिमी पडतो, मग हा टेंट दहा दिवस टिकेल.’ या आकड्याचा पर्जन्यमापकाशी काही संबंध नाही. कापडाच्या तुकड्यावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात. कापडातून पाण्याचे पहिले थेंब पलीकडे उमटेपर्यंत तो दाब किती उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका झाला, ती उंची म्हणजे हा आकडा. १५०० मिमी म्हणजे कापडाने दीड मीटर उंचीच्या पाण्याचा दाब पेलला. सर्वसाधारणपणे १५०० पासून पुढच्या कापडाला जलरोधक म्हणतात. वरच्या आवरणावर, म्हणजे ट्रेकर ज्याला आउटर म्हणतात त्यावर, पडणाऱ्या पावसाचा दाब फारसा नसतो. दोन ते तीन हजार मिमीचा आउटर आपल्या जोरदार सरींनाही पुरतो.

खालच्या तळाची गोष्ट वेगळी. तिथे पाणी वरून पडत नाही. ओल्या जमिनीवर आपणच कापड दाबतो. हिशेब करून बघा. ७० किलोचा माणूस टेंटमध्ये गुडघ्यांवर बसून बॅग उलगडतो आहे. एका गुडघ्यावर ३५ किलो, आणि गुडघा टेकतो ती जागा साधारण ३० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोहून थोडा जास्त दाब. एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो म्हणजे दहा मीटर पाण्याचा स्तंभ, अर्थात १०,००० मिमी. तुमच्या टेंटचा तळ ३००० चा असेल तर गुडघ्याखाली पाणी कापडातून वर येणारच. तेच तुम्ही मॅटवर आडवे झालात की वजन पसरतं, दाब हजार मिमीच्या आसपास उतरतो आणि तोच तळ कोरडा राहतो. म्हणून तळाचा आकडा आउटरपेक्षा जास्त, निदान ३०००, आणि ५००० मिळाला तर उत्तम. आणि ओल्या जागी टेंटमध्ये शिरताना आधी मॅट टाकावी, मग गुडघे टेकावेत.

तळाखाली ताडपत्री किंवा जुना फ्लेक्सचा बॅनर टाकायची आपल्याकडे चांगली सवय आहे. कातळावरच्या खड्यांपासून तळ वाचतो. पण ती ताडपत्री टेंटच्या तळापेक्षा चारही बाजूंनी विता-दोन विता आतच हवी. कडेने बाहेर डोकावणारी ताडपत्री आउटरवरून ओघळणारं पाणी गोळा करते आणि बरोबर तुमच्या पाठीखाली आणून सोडते. पावसाळ्यात ‘टेंट खालून गळतो’ अशी तक्रार घेऊन आलेल्या दोन जणांच्या बाबतीत मी हेच बघितलं आहे. ताडपत्री आत दुमडल्यावर तक्रार थांबली.

मिमीचा आकडा सलग कापडाचा असतो. शिवणीत मात्र सुईने पाडलेली शेकडो भोकं असतात. चांगल्या टेंटमध्ये शिवणीवर आतून गरम करून पट्टी चिकटवलेली असते. दुकानात आउटर उलटा करा आणि शिवणीवरून बोट फिरवा. अर्धपारदर्शक, गुळगुळीत, सलग पट्टी हाताला लागली पाहिजे. खांबांची टोकं बसतात त्या कोपऱ्यांत आणि दोऱ्या बांधायच्या फाशांपाशी पट्टी संपलेली किंवा सुरकुतलेली असेल, तर पहिला थेंब तिथूनच येणार.

सकाळी टेंट आतून ओला असणं आणि टेंट गळणं यात फरक आहे, हेही सांगायला हवं. झोपेत आपल्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात पेलाभर तरी पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडतं. दोघं झोपले तर दुप्पट. ही वाफ पहाटेच्या थंड आउटरवर आतल्या बाजूने जमते. आउटरवर आतून सगळीकडे सारखे, बारीक थेंब दिसले आणि त्या रात्री पाऊस पडलेला नसेल, तर ती आपल्याच श्वासाची वाफ. शिवणीच्या रेषेत किंवा एकाच कोपऱ्यात थेंबांची माळ असेल, तर गळती. म्हणून एकाच थराच्या टेंटपेक्षा इनर आणि आउटर वेगळे असलेला दोन थरांचा टेंट घ्यावा. आउटरवर साठलेलं पाणी खाली घसरून जातं आणि जाळीदार इनर आपल्याला त्यापासून वेगळं ठेवतो. आउटरच्या माथ्याजवळची हवेची खिडकी थंडीतही उघडी ठेवावी. ती बंद केली की ऊब थोडीशी वाढते आणि बॅग बरीच ओली होते.

बॉक्सवर ‘दोन व्यक्ती’ लिहिलं असेल तर आत दोन मॅट खेटून बसतील एवढीच जागा असते. सॅक बाहेर ठेवावी लागते. सामानासकट दोघांना तीन व्यक्तींचा टेंट घ्यावा.

आता ब्रँड. भाचीचा खरा प्रश्न हाच होता आणि मी तो मुद्दाम शेवटी ठेवला. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या नावांत डेकॅथलॉनचे केचुआ आणि फोरक्लाझ, बंगळुरूची वाइल्डक्राफ्ट, अमेरिकी कोलमन, चिनी नेचरहाइक ही नावं येतात. शिवाय ऑनलाइन बाजारात महिन्याला नवं नाव घेऊन येणारे पुष्कळ विक्रेते आहेत. भरवसा कोणावर ठेवायचा, हे मी तीन गोष्टींवरून ठरवतो.

कंपनी आकडे कसे सांगते ही पहिली गोष्ट. बॅगेवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम तिन्ही, मानकाच्या नावासह छापलेले असतील. टेंटवर आउटर आणि तळ यांचे मिमी वेगवेगळे दिले असतील. तर त्या कंपनीने चाचणी केली आहे आणि ती आकडे लपवत नाही. डेकॅथलॉन आपल्या टेंटच्या वर्णनात दर चौरस मीटरला ताशी २०० लिटर पाण्याखाली संपूर्ण टेंट तपासल्याचं सांगते. यात कापडाबरोबर शिवणी आणि चेनही तपासल्या जातात, म्हणून अशी माहिती नुसत्या मिमीपेक्षा मोलाची. उलट ‘१०० टक्के वॉटरप्रूफ, ऑल सीझन’ एवढंच लिहिलं असेल आणि एकही आकडा नसेल, तर ती वस्तू कितीही स्वस्त असली तरी मुक्कामासाठी घेऊ नये. अंगणात मुलांना खेळायला ती चालेल.

सुटे भाग मिळतात का, ही दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच ब्रँडची खरी कसोटी. टेंटमध्ये सगळ्यात आधी मोडतो तो खांब. फायबरग्लासचा खांब वाऱ्याच्या झोताने उभा चिरतो, त्याची कुसळं हातात घुसतात आणि चिरलेलं टोक आउटर फाडतं. ॲल्युमिनियमचा खांब आधी वाकतो. तो हाताने थोडा सरळ करून रात्र काढता येते. कोकणकड्यासारख्या वाऱ्याच्या जागी जाणाऱ्याने ॲल्युमिनियमसाठी जास्त पैसे मोजावेत. पण खांब कुठलाही असो, त्याचा एक तुकडा सुटा विकत मिळतो का, ते खरेदीआधी विचारावं. मिळत नसेल तर एका मोडक्या खांबापायी अख्खा टेंट भंगारात जातो. चेनचंही तसंच. बॅगेच्या चेनला आतून कापडाची कडक पट्टी आहे का बघा, नाहीतर काळोखात, गार बोटांनी ओढताना चेन अस्तरात अडकते. दुकानातच दहा वेळा, एका हाताने, चेन वर-खाली करून बघायला लाजू नका.

तिसरी गोष्ट म्हणजे परत घेण्याची मुदत, आणि ती वापरणं. टेंट घेतल्यावर पहिल्याच रविवारी तो सोसायटीच्या गच्चीवर लावा. गच्चीत खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून दोऱ्या पाण्याने भरलेल्या कॅनना किंवा कुंड्यांना बांधा. गडावरच्या कातळावरही खुंट्या जात नाहीत आणि दोऱ्या दगडांनाच बांधाव्या लागतात, म्हणजे त्याचीही तालीम होते. आत चारही कोपऱ्यांत आणि शिवणींखाली वर्तमानपत्राचे कागद पसरा. मग बागेच्या नळीने अर्धा तास वरून, आणि थोडा वेळ वाऱ्याच्या पावसासारखं तिरकं, पाणी सोडा. कागदावर कुठे डाग पडला ते लगेच कळतं. भाचीने घेतलेला तीन व्यक्तींचा टेंट, आउटर ३००० आणि तळ ५००० मिमीचा, या परीक्षेत एका जागी नापास झाला : दाराच्या चेनच्या वरच्या टोकाला रुपयाएवढा ओला डाग. दुकानाने मुदतीत तो बदलून दिला. हाच डाग गडावर रात्री दोनला सापडला असता तर दुकान दीडशे किलोमीटर दूर होतं.

एक गोष्ट खरेदीनंतरची आहे, पण टेंटचं आयुष्य तीच ठरवते. बहुतेक टेंटच्या कापडावर आतून पॉलियुरेथेनचा पातळ लेप असतो. पाणी अडवतो तो हा लेप, कापड नाही. दमट हवेत घडी घालून ठेवलेल्या टेंटमध्ये हा लेप हळूहळू विघटित होतो. आधी आंबट, कुबट वास येतो, मग लेप चिकट होतो आणि शेवटी पापुद्रे सुटतात. असा टेंट पुन्हा जलरोधक करणं जवळजवळ अशक्य आहे. मुंबई, ठाणे, रत्नागिरीसारख्या ठिकाणी न वापरता ठेवलेले टेंट काही वर्षांत असे मेलेले मी पाहिले आहेत. वापरलेला टेंट घेताना म्हणूनच आधी आउटरचा वास घ्यावा आणि घडी उलगडताना कापड कापडाला चिकटतं का बघावं.

गडावरून रात्री उशिरा घरी पोहोचलात तरी टेंट पिशवीतून काढून गॅलरीतल्या दोरीवर टाका आणि पूर्ण वाळेपर्यंत तिथेच राहू द्या. कडक उन्हात नको, सावलीत आणि वाऱ्यावर. स्लीपिंग बॅगही तिच्या आवळ-पिशवीत कोंबून ठेवू नका. भरण कायमचं चेपतं आणि तीन वर्षांनी कम्फर्ट ३ ची बॅग तेवढी उबदार उरत नाही. उशीच्या मोठ्या सुती खोळीत घालून, कपाटाच्या वरच्या फळीवर सैल ठेवा.